वीस रुपये, आठ वेळा

२०२४ च्या उन्हाळ्यात निफ्टीचा एक लॉट २५ चा होता. त्या दिवसांत एखाद्या छोट्या ट्रेडरने साप्ताहिक ऑप्शन्समध्ये चार पायांचा सौदा केला आहे असं समजा. त्यात त्याला निव्वळ १२ पॉइंटांचा प्रीमियम मिळाला. दोन-तीन दिवसांत बाजार त्याच्या मनासारखा शांत राहिला, प्रीमियम निम्म्यावर आला आणि त्याने समंजसपणे नफा खिशात घालून सौदा बंद केला. ६ पॉइंट गुणिले २५, म्हणजे दीडशे रुपये. मोबाइलच्या स्क्रीनवर हिरव्या अक्षरांत +१५० दिसलं. रात्री ईमेलवर कॉन्ट्रॅक्ट नोट आली, तेव्हा खात्यातून प्रत्यक्षात चाळीसएक रुपये कमी झाले होते.

यात कोणी फसवलं नव्हतं आणि ट्रेडरचा अंदाजही चुकला नव्हता. प्रत्येक ऑर्डरला वीस रुपये हा ब्रोकरेजचा दर त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होता. त्याने फक्त वीसला आठने गुणलं नव्हतं.

या सौद्याला बाजारात ‘आयर्न कॉन्डॉर’ म्हणतात. नाव भारदस्त असलं तरी रचना सोपी आहे. निफ्टी २५,००० च्या आसपास आहे आणि येत्या मंगळवारच्या एक्स्पायरीपर्यंत तो फार हलणार नाही, असं ट्रेडरला वाटतं. मग तो वरच्या बाजूला एक कॉल विकतो आणि खालच्या बाजूला एक पुट विकतो. हे झाले दोन पाय, बाजाराच्या भाषेत लेग. नुसते विकून बसलं तर बाजार उसळला किंवा कोसळला की नुकसानाला धरबंध राहत नाही. म्हणून त्याहून लांबचा एक कॉल आणि एक पुट तो विकत घेतो. हे दोन पाय विम्यासारखे, त्यांना ‘हेज’ किंवा ‘विंग’ म्हणतात. विकलेल्यातून आलेला प्रीमियम, वजा विकत घेतलेल्यावर गेलेला, ही झाली मिळकत. निफ्टी मधल्या पट्ट्यात राहिला तर ती सगळी ट्रेडरची.

लहान खात्याला ही रचना भुरळ घालते, त्याला कारण आहे. हेज घेतल्यामुळे जास्तीत जास्त नुकसान किती हे आधीच ठरतं आणि मार्जिनही बरंच कमी लागतं. शिवाय निफ्टी एका वेळी दोन्हीकडे जाऊ शकत नाही, त्यामुळे दोन बाजूंपैकी एकाच बाजूचा मोठा तोटा होऊ शकतो. दुसऱ्या बाजूसाठी मार्जिन दुप्पट होत नाही, प्रीमियम मात्र मिळतो. दुसरी बाजू जवळपास फुकट पदरात पडल्यासारखी वाटते. मार्जिनच्या हिशेबात ती बरीचशी स्वस्त असतेही. ब्रोकरेजच्या हिशेबात मात्र ती पहिल्या बाजूइतकीच महाग असते.

आता एक उदाहरण रुपया-पैशांत करून पाहू. काळ २०२५ च्या उत्तरार्धातला घेऊ, कारण तेव्हा निफ्टीचा लॉट ७५ चा होता आणि साप्ताहिक एक्स्पायरी गुरुवारवरून मंगळवारवर आली होती. भाव नमुन्यादाखल आहेत, पण अशा सौद्यात दिसतात त्याच पठडीतले. निफ्टी २५,००० वर आहे. २५,३०० चा कॉल १४ रुपयांना विकला, २५,४०० चा कॉल ८ रुपयांना घेतला. खाली २४,७०० चा पुट १५ ला विकला, २४,६०० चा पुट ९ ला घेतला. दोन्ही बाजूंना ६-६ पॉइंट मिळाले, एकूण १२. गुणिले ७५, म्हणजे ९०० रुपये जमा. निफ्टी २५,४०० च्या वर किंवा २४,६०० च्या खाली बंद झाला तर नुकसान १०० वजा १२, म्हणजे ८८ पॉइंटांचं, ६,६०० रुपये.

सौद्यात शिरताना चार ऑर्डरी गेल्या. काही ॲपमध्ये ‘बास्केट’ करून चारही एका बोटाने पाठवता येतात, त्यामुळे ती एकच ऑर्डर आहे असा भास होतो. एक्सचेंजकडे चार जातात आणि ब्रोकर चारचेच पैसे लावतो: ८० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी. मग सरकारचा सिक्युरिटीज ट्रान्झॅक्शन टॅक्स, म्हणजे एसटीटी, जो विकलेल्या प्रीमियमवर ०.१ टक्का होता. विकलेला प्रीमियम २९ गुणिले ७५, म्हणजे २,१७५ रुपयांचा, त्यावर एसटीटी दोन रुपये आणि काही पैसे. एनएसईचं व्यवहार शुल्क प्रीमियमच्या दर लाखाला सुमारे ३५ रुपये, ते इथे सव्वा रुपयाच्या आत. स्टॅम्प ड्यूटी आणि सेबीचं शुल्क मोजायला पैसेही पुरे होतात. सगळं मिळून ९८ रुपये.

बाहेर पडतानाही हाच पाढा. समजा विकलेले दोन्ही ऑप्शन ५-५ रुपयांवर आले आणि घेतलेले २-२ वर. विकलेले परत घेतले, घेतलेले विकले. एकूण ६ पॉइंट द्यावे लागले, ६ पॉइंट उरले. ढोबळ नफा ४५० रुपये. या चार ऑर्डरींचा खर्च ९५ रुपये. येताना-जाताना मिळून १९३.

४५० मधून १९३ गेले, २५७ उरले. नफ्यातले त्रेचाळीस टक्के खर्चातच गेले, आणि हा सौदा फसलेला नव्हे, अगदी ठरल्याप्रमाणे यशस्वी झालेला होता.

या १९३ रुपयांच्या पोटात काय आहे ते पाहण्याजोगं आहे. आठ ऑर्डरींचे १६० रुपये आणि त्यावरचा जीएसटी २८ रुपये ८० पैसे, म्हणजे १८८ रुपये ८० पैसे एकट्या ब्रोकरेजपायी. एसटीटी, एक्सचेंज, स्टॅम्प, सेबी या सगळ्यांच्या वाट्याला मिळून चार-साडेचार रुपये. ऑक्टोबर २०२४ मध्ये सरकारने ऑप्शन्सवरचा एसटीटी ०.०६२५ वरून ०.१ टक्क्यावर नेला, तेव्हा मोठी ओरड झाली. ज्यांचे सौदे कोट्यवधींचे असतात त्यांच्यासाठी ती रास्तही होती. एका लॉटच्या आपल्या कॉन्डॉरवर त्या वाढीचा बोजा एक रुपयाही भरत नाही. छोट्या ट्रेडरने कराच्या बातमीवर हळहळावं आणि वीस रुपयांच्या ओळीकडे लक्ष देऊ नये, असं सर्रास घडतं.

हा वीसचा आकडा भारतीय बाजारात रुजवला तो मुख्यतः झिरोधाने. २०१० मध्ये बंगळुरूत सुरू झालेल्या या कंपनीने सौदा कितीही मोठा असो, ऑर्डरमागे ठरावीक रक्कम, हा प्रकार लोकप्रिय केला आणि पुढे बहुतेक डिस्काउंट ब्रोकर त्याच वाटेने गेले. मोठ्या सौद्याला ही पद्धत वरदान ठरली. पण तिच्यात एक बारकावा आहे. इंट्राडे शेअर आणि फ्युचर्सच्या दरपत्रकात सहसा ‘वीस रुपये किंवा ठरावीक टक्केवारी, यांपैकी जे कमी’ असं लिहिलेलं असतं. त्यामुळे लहान शेअर-सौद्याला वीस रुपये पुरते लागतही नाहीत. ऑप्शन्सच्या रकान्यात ही सवलत बहुधा नसते. तिथे सरळ वीस. दीडशे रुपयांचा ऑप्शन घ्या की दीड लाखाचा, वीस. दहा रुपयांची कोथिंबीर आणायला वीस रुपये मोजून रिक्षाने जावं, तसा हा प्रकार होतो. आणि लहान खात्याचा कॉन्डॉर म्हणजे अशा चार कोथिंबिरी.

ठरावीक शुल्काचा खरा चेहरा तोच सौदा दहा लॉटचा केला की दिसतो. ७५ च्या जागी ७५० चं प्रमाण. ऑर्डरी तितक्याच, आठ. ब्रोकरेजही तेच, १६० रुपये. कर आणि एक्सचेंजचं शुल्क दहापट होतं, पण ते मुळातच किरकोळ. एकूण खर्च भरतो २३३ रुपये. नफा मात्र ४,५०० रुपये. एका लॉटवाल्याचे त्रेचाळीस टक्के जातात, दहा लॉटवाल्याचे पाच. दोघांचे स्ट्राइक तेच, वेळ तीच, अंदाज तोच. दहा लॉटवाल्याकडे फक्त दहापट मार्जिन आहे. यूट्यूबवर दहा-वीस लॉटचा पडदा दाखवून कोणी हीच रणनीती शिकवत असेल तर तो खोटं बोलत असेलच असं नाही. त्याच्या खात्यात ती चालतही असेल.

मग लहान ट्रेडर म्हणतो, नफा होवो न होवो, माझी जिंकण्याची शक्यता तर मोठी आहे ना? दूरच्या स्ट्राइकचा सगळा मोह याच वाक्यात आहे. म्हणून खर्च या शक्यतेचं काय करतो ते पाहायला हवं.

नियम असा ठेवू: मिळालेल्या प्रीमियमच्या निम्मा नफा झाला की बाहेर पडायचं, आणि प्रीमियमच्या दुप्पट तोटा झाला की निमूट बाहेर पडायचं. हा नियम अनेक जण वापरतात. खर्च सोडून हिशेब केला तर जिंकल्यावर ४५० मिळतात, हरल्यावर १,८०० जातात. शंभरपैकी ८० सौदे जिंकले तर बरोबरी साधते. आता खर्च धरा. जिंकल्यावर २५७ मिळतात आणि हरल्यावर सुमारे २,००० जातात. बरोबरीसाठी शंभरात जवळपास ८९ वेळा जिंकावं लागतं.

८० आणि ८९ मधलं अंतर ऐकायला किरकोळ वाटतं. पण शंभरात २० वेळा हरण्याची मुभा होती, ती ११ वर आली. हरण्याची जागा निम्म्याच्या आसपास उरली. जो ट्रेडर खरोखर शंभरात ८० वेळा बरोबर येतो, म्हणजे ज्याचं कसब बाजाराच्या बरोबरीचं आहे, त्याला शंभर सौद्यांनंतर सुमारे १९,४०० रुपयांचा खड्डा दिसेल. आठवड्याला एक सौदा धरला तर हा दोन वर्षांतला खर्च. खातं दीड लाखाचं असेल तर जवळपास तेरा टक्के भांडवल, तेही अंदाज चुकल्यामुळे नव्हे.

अजून कॉन्ट्रॅक्ट नोटेवर न उमटणारा खर्च बाकी आहे. ८ रुपयांचा म्हटलेला ऑप्शन पडद्यावर एका भावाला नसतो. घेणारा ७.९० देत असतो, विकणारा ८.१० मागत असतो. घाईत मार्केट ऑर्डर टाकली की घेताना ८.१० लागतात, विकताना ७.९० मिळतात. मधल्या भावापासून १० पैशांची ही घसट. १० पैसे गुणिले ७५, साडेसात रुपये. आठ पायांना साठ. आपले २५७ आता १९७ झाले. निफ्टीच्या साप्ताहिक ऑप्शन्समध्ये तरी गर्दी असते, म्हणून १० पैशांवर भागतं. एखाद्या शेअरच्या ऑप्शनमध्ये, विशेषतः दूरच्या स्ट्राइकला, घेणाऱ्या-विकणाऱ्यातलं अंतर रुपयांत असू शकतं. तिथे चार पायांचा सौदा करणं म्हणजे आत शिरतानाच नफ्याचा मोठा भाग सोडून देणं. शिवाय शेअरचे ऑप्शन एक्स्पायरीला प्रत्यक्ष शेअर देऊन-घेऊन मिटतात, ती वेगळी डोकेदुखी.

दुरुस्तीचा मोह आणखी महाग. निफ्टी वर सरकू लागला, २५,३०० जवळ आलं, की ट्रेडर खालची बाजू वर आणतो. शिकवणाऱ्यांच्या भाषेत ‘ॲडजस्टमेंट’. खालचे दोन पाय बंद, नवे दोन पाय सुरू: आणखी चार ऑर्डरी, ९४ रुपये ४० पैसे. त्यातून तीन पॉइंट मिळाले तर २२५ रुपये आले, पण चाळीस टक्क्यांहून जास्त परत गेले. आठवड्यात अशा दोन दुरुस्त्या केल्या की एकूण सोळा ऑर्डरी होतात आणि ब्रोकरेज जीएसटीसह ३७७ रुपये ६० पैशांवर पोचतं. मुळात जमा झाले होते ९००. मार्जिन कमी पडलं आणि ब्रोकरने स्वतःहून सौदा कापला तर अनेक ठिकाणी ऑर्डरमागे वीसऐवजी पन्नास रुपये लागतात.

हे सगळं फक्त काल्पनिक ट्रेडरचं गणित नाही. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांचा आढावा होता. फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये व्यवहार करणाऱ्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात होत्या, आणि खर्च धरून प्रत्येकाचा सरासरी तोटा सुमारे दोन लाख रुपये होता. याच तीन वर्षांत व्यक्तींनी व्यवहार-खर्चापोटी सुमारे ५०,००० कोटी रुपये मोजले, त्यातला ५१ टक्के वाटा ब्रोकरेजचा. २०२३-२४ या एका वर्षात हा खर्च माणशी सरासरी २६,००० रुपये होता. जानेवारी २०२३ च्या आधीच्या अभ्यासातलं एक निरीक्षण तर कॉन्डॉरवाल्यांनी टिपून ठेवण्यासारखं आहे: ज्यांना नफा झाला त्यांचाही नफ्याच्या १५ ते ५० टक्के भाग व्यवहार-खर्चात गेला होता. आपले त्रेचाळीस टक्के याच पट्ट्यात बसतात. अर्थात सेबीचे आकडे सगळ्या प्रकारच्या सौद्यांचे आहेत, एकट्या कॉन्डॉरचे नव्हेत.

ऑक्टोबर २०२४ मध्ये सेबीने निर्देशांकांच्या करारांचं किमान मूल्य पाच लाखांवरून पंधरा लाखांवर नेलं आणि नोव्हेंबरपासून निफ्टीचा नवा लॉट ७५ चा झाला. हेतू छोट्यांनी जपून उतरावं हा होता. त्याचा एक आडपरिणाम असा की दर लॉटमागचा प्रीमियम तिप्पट झाला आणि वीस रुपयांचा बोजा त्या प्रमाणात हलका झाला. ज्या सौद्यात सुरुवातीच्या उदाहरणातला ट्रेडर नफा होऊनही चाळीस रुपयांनी बुडाला, तोच ७५ च्या लॉटला २५७ रुपये देऊन गेला. मार्जिनही तिप्पट झाल्यामुळे कित्येकांना एकही लॉट परवडेनासा झाला, हा त्याचा दुसरा अर्धा भाग. २०२६ च्या जानेवारीपासून लॉट ६५ वर आला, म्हणजे तराजू पुन्हा थोडा खर्चाकडे झुकला: त्याच भावांना नफा ३९० आणि खर्च जवळजवळ तेवढाच.

परदेशात हिशेब वेगळा आहे, पण उत्तर मात्र आश्चर्य वाटावं इतकं जवळचं. न्यू जर्सीत किंवा बे एरियात राहणारा एखादा मराठी इंजिनिअर एसपीवाय या फंडाच्या ऑप्शन्समध्ये एक डॉलर रुंदीचा कॉन्डॉर करतो. तिथले अनेक ब्रोकर ऑर्डरमागे काही घेत नाहीत, पण प्रत्येक कॉन्ट्रॅक्टमागे ६५ सेंट घेतात. २५ सेंट प्रीमियम म्हणजे १०० शेअरच्या कॉन्ट्रॅक्टला २५ डॉलर. निम्म्यावर बाहेर पडलं तर साडेबारा डॉलर नफा. येताना-जाताना आठ कॉन्ट्रॅक्टचे ५ डॉलर २० सेंट. पुन्हा बेचाळीस टक्के. फरक एवढाच की तिथे दहा पट मोठा सौदा केला तर ब्रोकरेजही दहा पट होतं, प्रमाण बदलत नाही. तिथे सुटका मोठ्या सौद्यात नसून रुंद सौद्यात आहे.

भारतातल्या छोट्या खात्याला पहिला सुचणारा उपाय म्हणजे पाय कमी करणं. चारऐवजी दोन, नुसती पुटची बाजू. ऑर्डरी आठावरून चारवर येतात, खर्च निम्मा. पण प्रीमियमही निम्माच मिळतो. २२५ रुपयांच्या नफ्यावर ९७ रुपये खर्च, पुन्हा त्रेचाळीस टक्के. आजार पायांच्या संख्येत नाही, दर पायामागे हाती येणारा प्रीमियम वीस रुपयांच्या मानाने किती, यात आहे. म्हणून खर्चाचं प्रमाण सुधारायचं तर दर पायाचं वजन वाढवावं लागतं.

ते वाढवण्याचा एक मार्ग म्हणजे विंग लांब नेणं. आपल्या उदाहरणात २५,४०० ऐवजी २५,५०० चा कॉल साडेचारला घ्या आणि २४,६०० ऐवजी २४,५०० चा पुट साडेपाचला. मिळकत १२ वरून १९ पॉइंटांवर, ९०० वरून १,४२५ रुपयांवर जाते. ऑर्डरी तेवढ्याच. निम्मा नफा ७१२, खर्च १९३ च्या जवळपास, म्हणजे सत्तावीस टक्के. खर्च सुसह्य झाला, पण कमाल नुकसान ६,६०० वरून १३,५७५ वर गेलं आणि मार्जिनही वाढलं. ज्या कारणासाठी अरुंद कॉन्डॉर निवडला होता तेच हातातून निसटलं.

दुसरा मार्ग विकलेले स्ट्राइक जवळ आणण्याचा. खर्च नफ्याच्या दहा टक्क्यांत बसवायचा असं ठरवलं तर एका लॉटवर सुमारे १,९३० रुपये नफा हवा, म्हणजे २६ पॉइंट. निम्म्यावर बाहेर पडायचं तर मुळात ५२ पॉइंट मिळायला हवेत. १०० पॉइंट रुंदीच्या कॉन्डॉरमध्ये ५२ पॉइंट मिळवायचे तर विकलेले स्ट्राइक चालू भावाला जवळजवळ खेटून घ्यावे लागतील. तसा सौदा करता येतो, पण त्यात ‘बहुतेक वेळा जिंकणारा’ हे वर्णन उरत नाही. दूरचे स्ट्राइक, अरुंद रुंदी, एक लॉट आणि किरकोळ खर्च, या चार गोष्टी वीस रुपयांच्या दरात एकत्र नांदत नाहीत.

त्यामानाने मासिक एक्स्पायरीकडे वळणं बरं. मुदत लांब असली की त्याच अंतरावरच्या स्ट्राइकला प्रीमियम जास्त असतो आणि महिन्यात चार सौद्यांऐवजी एक होतो. चार साप्ताहिक कॉन्डॉरचे ७७२ रुपये, एका मासिकाचे दोनशेच्या घरात. मात्र लांबच्या मुदतीत सगळ्या स्ट्राइकना सारखी गर्दी नसते. ५०० आणि १,००० च्या पटीतले स्ट्राइक सहसा भरलेले, मधले विरळ. ब्रोकर बदलणं हा सगळ्यांत सरळ उपाय. ऑर्डरमागे दहा रुपये घेणाऱ्याकडे आपला १९३ चा खर्च ९९ होतो, आणि ब्रोकरेज शून्य असेल तर घसट सोडून चार-साडेचार रुपयेच उरतात. शून्य ब्रोकरेजच्या योजनेला मासिक वर्गणी असेल तर ती महिन्यातल्या सौद्यांनी भागून पाहावी लागते.

आपला सौदा कुठे बसतो हे कळायला कॉन्ट्रॅक्ट नोट पुरते. ॲपच्या पोझिशन्सच्या पानावरचा आकडा सहसा खर्च वजा न केलेला असतो आणि रणनीतीचे नफा-तोट्याचे आलेख काढून देणारी बहुतेक साधनंही तसाच ढोबळ आकडा दाखवतात. नोटेवरच्या सगळ्या शुल्कांची बेरीज करून तिला ढोबळ नफ्याने भागलं की खरं चित्र दिसतं. हे फक्त जिंकलेल्या सौद्यांपुरतं वेगळं काढून पाहावं, कारण हरलेल्या सौद्याच्या मोठ्या आकड्याखाली खर्च दडून जातो.

बाहेर पडतानाचा एक हिशेब तर ऑर्डर टाकण्याआधी तोंडी करता येतो. वीस रुपये अधिक जीएसटी, २३ रुपये ६० पैसे. भागिले ७५, साडेएकतीस पैसे. म्हणजे घेतलेल्या विंगचा भाव ३० पैशांवर आला असेल तर ती विकून साडेबावीस रुपये येतात आणि विकण्यासाठी २३ रुपये ६० पैसे जातात. तरीही चारही पाय एका बटणाने बंद करणारे ती विकतात. विकलेले दोन पाय आधी परत घ्यावेत, मग अशा विंग तशाच एक्स्पायरीपर्यंत पडू द्याव्यात. उलट क्रमाने हेज आधी काढलं तर मार्जिन एकदम फुगतं. २०१९ पूर्वी विंग अशी सोडून देताना ट्रेडर धास्तावत, कारण पैशात गेलेला ऑप्शन एक्स्पायरीपर्यंत धरला तर एसटीटी कराराच्या संपूर्ण मूल्यावर लागायचा. आजच्या २५,४०० च्या एका लॉटला तो दोन हजारांच्या वर गेला असता. सप्टेंबर २०१९ पासून तो फक्त ऑप्शनच्या अंगभूत किमतीवर लागतो, आणि शून्यावर विझणाऱ्या विंगवर तर काहीच लागत नाही.